सीपीआय, जीडीपी डिफ्लेटर आणि गाभा महागाई : बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावात अर्थशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर एका पतसंस्थेच्या कामात आहे. दर महिन्याच्या 12 तारखेला महागाईचा आकडा जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पायरीवर कुणीतरी पेपर पुढं धरून उभा असतो. विचारणारे म्हणजे भाजीवाले, उद्यमबागेतले फौंड्रीवाले, शहापूर-वडगावचे विणकर, खानापूर-निपाणीकडचे शेतकरी आणि पेन्शनर. एकच उत्तर पन्नास वेळा तोंडी देण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

"सर, टीव्हीवर महागाई पाव टक्क्यावर आली म्हणूलेत. बाजारात का कळंना की वो?"

हा प्रश्न ऑक्टोबर 2025 चा आकडा आला तेव्हाचा. त्या महिन्यात ग्राहक किंमत निर्देशांकावर, म्हणजे सीपीआयवर, आधारलेली महागाई 0.25 टक्के निघाली. 2012 पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्या भावाशी तुलना करायची ते वर्ष, असलेल्या मालिकेतला हा सगळ्यात खालचा आकडा होता.

महागाई कमी होणं आणि भाव उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 0.25 टक्के म्हणजे आदल्या ऑक्टोबरला जो भाव होता त्याच्यावर आणखी पाव टक्का चढला, इतकंच. आदल्या ऑक्टोबरला जी चढ झाली होती, ती तशीच अंगावर आहे. गाडी चोर्ला घाटाच्या माथ्यावर पोचून सपाटीला लागली, तर चढ थांबला म्हणता येईल, पण गाडी खाली आली असं म्हणता येणार नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हा आकडा सगळ्या टोपलीचा, म्हणजे घरखर्चातल्या सगळ्या गोष्टींचा मिळून आहे, आणि त्या वेळी टोपलीतला एक कोपरा, म्हणजे भाजी, इतका कोसळला होता की त्यानं बाकीच्यांची वाढ झाकून टाकली. शाळेची फी, औषधं, सोनं यांचे भाव वाढतच होते. ज्याच्या घरी भाजीपेक्षा फीचा खर्च मोठा, त्याला पाव टक्का खोटाच वाटणार.

ही टोपली कुणाची? बेळगावचा भाव त्यात येतो का?

टोपली सरासरी भारतीय कुटुंबाची आहे. 2012 च्या मालिकेसाठी 1181 गावं आणि 310 शहरांतले 1114 बाजार निवडलेले होते. सांख्यिकी कार्यालयाची माणसं ठरलेल्या दुकानांत जाऊन ठरलेल्या वस्तूचे भाव टिपतात. दुकान आणि वस्तू दोन्ही बदलायच्या नाहीत, हा नियम. नाहीतर भाव वाढला की दुकान बदललं, हे कळणार नाही.

त्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, 45.86 टक्के होतं. इंधन आणि वीज 6.84. उरलेल्या 47.30 टक्क्यांत घरभाडं, कपडे, शिक्षण, दवाखाना, प्रवास, सोनं, पान-तंबाखू हे सगळं. खेड्यात खाद्यपदार्थांचं वजन 54 टक्क्यांच्या वर आणि शहरात 36 च्या आसपास. म्हणजे हत्तरगीच्या आणि टिळकवाडीच्या घराची महागाई एकच नसते, हे सरकारी आकडेही मान्य करतात. फेब्रुवारी 2026 पासून 2024 पायाभूत वर्षाची नवी मालिका आली आणि तिच्यात खाद्यपदार्थांचं वजन बरंच उतरलं, साधारण 37 टक्क्यांवर. खालची उदाहरणं जुन्या मालिकेच्या काळातली आहेत, म्हणून वजनंही तिचीच घेतली आहेत.

निर्देशांक देशाचा आणि राज्याचा निघतो, जिल्ह्याचा नाही. त्यामुळं "बेळगाव जिल्ह्याची महागाई इतकी" असं कुणी छातीठोकपणे सांगू लागला तर कुठून आणला आकडा, हे विचारा. औद्योगिक कामगारांसाठी शिमल्याचं लेबर ब्युरो वेगळा निर्देशांक काढतं, त्याच्या केंद्रांत बेळगाव आहे. महागाई भत्त्याचा हिशेब त्या निर्देशांकाशी जोडलेला असतो. रिझर्व्ह बँक मात्र व्याजदर ठरवताना तो वापरत नाही.

गाभा महागाई म्हणजे काय? पेट्रोल त्यात असतं की नसतं?

टोपलीतून खाद्यपदार्थ आणि इंधन-वीज काढून टाकायचं, उरलेल्या 47.30 टक्क्यांची महागाई मोजायची. ती गाभा महागाई. कल्पना अशी, की भाजी आणि इंधनाचे भाव पाऊस, पीक, युद्ध, सरकारी निर्णय यांवर उड्या मारतात आणि रिझर्व्ह बँकेच्या व्याजदरानं टोमॅटो पिकत नाही. मागणीचा ताप किती आहे ते बघायचं तर या उड्या बाजूला ठेवाव्यात.

पेट्रोलचा प्रश्न छान आहे, कारण शिकलेली माणसंसुद्धा इथं चुकतात. आपल्याकडच्या जुन्या मालिकेच्या वर्गवारीत गॅस सिलिंडर, घरची वीज, रॉकेल, जळण हे "इंधन आणि प्रकाश" गटात होते. गाडीत भरायचं पेट्रोल आणि डिझेल मात्र "वाहतूक आणि दळणवळण" गटात. म्हणून सरळ पद्धतीनं गाभा काढला तर सिलिंडर बाहेर जातो आणि पेट्रोल आतच राहतं.

जून 2024 मध्ये कर्नाटक सरकारनं विक्रीकर वाढवला आणि पेट्रोल-डिझेल साधारण 3 रुपयांनी महागलं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी हाच विषय. ही वाढ गाभ्यात मोजली गेली. पण ती मागणीनं झाली नव्हती, बंगळूरच्या एका आदेशानं झाली होती. एकदा चढली, तिथंच थांबली. म्हणून काही अभ्यासक पेट्रोल-डिझेलही काढून आणखी आतला गाभा मोजतात. कुणी "गाभा महागाई इतकी" म्हटलं की "कुठला गाभा?" हे आधी विचारावं.

जीडीपी डिफ्लेटर हे काय नवीन?

नवीन नाही, बातम्यांत कमी येतं एवढंच. देशात वर्षभरात जे उत्पादन झालं, म्हणजे जीडीपी, त्याची किंमत दोन प्रकारे मांडतात, यंदाच्या म्हणजे चालू भावानं आणि पायाभूत वर्षाच्या म्हणजे स्थिर भावानं. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की मधली भाववाढ हाती लागते. तो डिफ्लेटर. त्यासाठी कुणी बाजारात जाऊन वेगळी टोपली भरत नाही, तो भागाकारातून निघतो.

फरक कागदावर मांडला की पटकन कळतो. एक काल्पनिक तालुका घ्या. तिथं दोनच गोष्टी तयार होतात, भाजी आणि लोखंडी कास्टिंग. कच्च्या मालाची भानगड तूर्त बाजूला ठेवू. गेल्या वर्षी 2 लाखांची भाजी आणि 8 लाखांचं कास्टिंग झालं, एकूण 10 लाख. यंदा माल तेवढाच निघाला. भाजी 40 टक्के महागली, म्हणून ती 2 लाख 80 हजारांची झाली. कास्टिंगचा भाव 10 टक्के पडला, म्हणून ते 7 लाख 20 हजारांचं झालं. बेरीज पुन्हा 10 लाख. डिफ्लेटर म्हणतो, भाववाढ शून्य.

आता त्याच तालुक्यातलं एक घर. महिन्याचा खर्च 10,000 रुपये. त्यात भाजी 1,000, बाहेरून आलेलं पामतेल 1,000 आणि भाडं, फी, कपडे, एसटी वगैरे 8,000. भाजी 40 टक्के चढली, 400 वाढले. तेल 25 टक्के चढलं, 250 वाढले. बाकीचं 4 टक्के चढलं, 320 वाढले. एकूण 970, म्हणजे ग्राहक महागाई 9.7 टक्के. भाजी आणि तेल काढलं तर गाभा 4 टक्के.

एकच तालुका, एकच वर्ष, आणि आकडे तीन : 0, 4 आणि 9.7. कुणीही खोटं बोललेलं नाही. घरातली बाई कास्टिंग विकत आणत नाही, म्हणून ते तिच्या टोपलीत नाही. पामतेल तालुक्यात तयार होत नाही, म्हणून ते डिफ्लेटरमध्ये नाही. खऱ्या आकडेवारीतही असंच चालतं. निर्यातीला जाणारं कास्टिंग, यंत्रं, सरकारी सेवा डिफ्लेटरमध्ये येतात आणि ग्राहकाच्या टोपलीत येत नाहीत. आयात माल टोपलीत येतो, पण देशाच्या उत्पादनातून वजा होतो.

डिफ्लेटरमध्ये सगळं उत्पादन येतं. मग व्याजदर त्याच्यावरच का ठरवू नये?

वर्गात हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी नेहमी हुशार असायचा. कागदावर डिफ्लेटर सगळ्यात व्यापक आहे. अडचणी व्यवहारात आहेत.

पहिली अडचण वेळेची. सीपीआय दर महिन्याला, पुढच्या महिन्याच्या 12 तारखेच्या सुमारास. डिफ्लेटर तीन महिन्यांतून एकदा, आणि तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी. एप्रिल ते जूनचा हिशेब ऑगस्टच्या शेवटी. व्याजदर ठरवणारी रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती दोन महिन्यांनी एकदा बसते. तिच्यासमोर डिफ्लेटर ठेवणं म्हणजे गेल्या पावसाळ्याचं पर्जन्यमान बघून आज छत्री घ्यायची की नाही ते ठरवणं.

दुसरी अडचण दुरुस्तीची. मे 2024 मध्ये 2023-24 च्या जीडीपीचे तात्पुरते आकडे आले तेव्हा चालू भावानं वाढ 9.6 टक्के आणि स्थिर भावानं 8.2 टक्के होती. मधला फरक साधारण 1.3 टक्के, तोच डिफ्लेटर. फेब्रुवारी 2025 मध्ये सुधारित आकडे आले तर चालू भावानं 12 टक्के आणि स्थिर भावानं 9.2. आता डिफ्लेटर झाला अडीच टक्क्यांच्या वर. वर्ष तेच, भाववाढ जवळपास दुप्पट. त्याच वर्षाची सरासरी ग्राहक महागाई 5.4 टक्के होती, ती अशी हलली नाही. 1.3 वर विसंबून व्याजदर उतरवला असता तर नऊ महिन्यांनी काय सांगणार, "माफ करा, मोजमाप चुकलं होतं"?

तिसरी अडचण किचकट आहे, पण उद्यमबागेतल्या माणसाला लगेच उमजते. समजा एक फौंड्री टनाला 60,000 रुपयांचा कच्चा माल घेऊन 80,000 ला कास्टिंग विकते. तिनं भर घातली 20,000 ची. पुढच्या वर्षी कच्चा माल 50,000 वर उतरला आणि कास्टिंग 76,000 ला गेलं. भर झाली 26,000. टन मात्र तेवढेच, म्हणजे खरं उत्पादन एका किलोनंही वाढलेलं नाही. नीट हिशेब करायचा तर विक्रीला विक्रीच्या भावानं आणि कच्च्या मालाला कच्च्या मालाच्या भावानं वेगवेगळं भागायचं, मग भर पुन्हा 20,000 च निघते. पण आपल्याकडं 2011-12 च्या मालिकेत कारखानदारीसाठी बरेचदा एकाच भावानं भागत. विक्रीचा भाव 5 टक्के पडला म्हणून 26,000 ला 0.95 नं भागा, 27,368 येतात. फौंड्री 37 टक्के वाढली! मालक हे ऐकून हसेल तरी नाहीतर रडेल तरी. कच्चा माल स्वस्त होतो त्या वर्षी डिफ्लेटर उगाच खाली दिसतो आणि वाढ उगाच वर दिसते. 2022-23 पायाभूत वर्षाच्या नव्या जीडीपी मालिकेत दुहेरी भागाकाराकडं वळण्याचं कारण हेच.

ऑक्टोबर 2024 ला काय झालं होतं? त्याचा दाखला सारखा का देता?

कारण एकूण महागाई आणि गाभा यांचं भांडण त्या एका वर्षात समोरासमोर दिसलं. जरा सावकाश बघू.

ऑक्टोबर 2024 ची ग्राहक महागाई आली 6.21 टक्के. कायद्यानं ठरलेलं लक्ष्य 4 टक्के आणि दोन्ही बाजूंना 2 टक्क्यांची मुभा. म्हणजे वरची रेघ ओलांडली. आत काय होतं? भाज्यांची महागाई 42.18 टक्के. भाज्यांचं टोपलीतलं वजन 6.04 टक्के. ढोबळ गुणाकार करा, 42 चा सहा टक्के भाग म्हणजे साधारण अडीच. 6.21 मधले अडीच एकट्या भाजीचे. उरलेले 3.7 टोपलीच्या उरलेल्या 94 भागांचे, म्हणजे भाजी सोडून महागाई 4 च्या किंचित खाली. त्या महिन्याची गाभा महागाईही 3.7 च्या आसपास होती. भाजी वगळता अर्थव्यवस्थेला ताप नव्हता.

त्याच काळात जुलै ते सप्टेंबर तिमाहीची जीडीपीची वाढ 5.4 टक्क्यांवर घसरल्याचं कळलं. पतधोरण समितीच्या डिसेंबर 2024 च्या बैठकीत सहापैकी चार सदस्यांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा मुख्य व्याजदर, 6.50 टक्क्यांवर ठेवा म्हटलं, दोघांनी पाव टक्का कमी करा म्हटलं. दर तसाच राहिला. फेब्रुवारी 2025 मध्ये तो 6.25 झाला आणि डिसेंबर 2025 पर्यंत 5.25 वर आला.

आता एक वर्ष पुढं या. ऑक्टोबर 2025 ला भाजी 27.57 टक्के उतरली आणि एकूण महागाई 0.25 झाली. दोन्ही वर्षं जोडून बघा. शंभराची भाजी आधी 142 झाली आणि मग 103 वर आली. दोन वर्षांत 3 टक्के! एकूण टोपली दोन वर्षांत साडेसहा टक्के चढली, म्हणजे वर्षाला सव्वातीनच्या आसपास. ठळक मथळा 6.21 वरून 0.25 पर्यंत झोके घेत होता तेव्हा खालचा प्रवाह सव्वातीनचा होता.

माझ्या मते डिसेंबर 2024 ला कपात मागणाऱ्या दोघांचा तर्क बरोबर होता. पण हे मागं वळून बघताना सांगणं सोपं आहे. भाजी उतरेल की तिच्या मागून दूध, हॉटेल, मजुरी चढेल, हे त्या दिवशी कुणाला ठाऊक होतं?

मग गाभ्यालाच लक्ष्य करून टाकावं ना?

ही सूचना जुलै 2024 च्या आर्थिक पाहणीत आली. खाद्यपदार्थ वगळून लक्ष्य ठरवता येईल का ते बघा, गरिबाला भाववाढीची भरपाई थेट पैसे देऊन करा, असा मुख्य आर्थिक सल्लागार व्ही. अनंत नागेश्वरन यांच्या पाहणीचा रोख होता. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी खाद्य महागाईकडं दुर्लक्ष करता येणार नाही असं स्पष्ट केलं. ऑगस्ट 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं चर्चापत्र काढून हाच प्रश्न लोकांपुढं ठेवला.

मी दासांच्या बाजूचा आहे. कारण आमच्या गणपत गल्लीतच बघा. बाई भाजीचा भाव रोज ऐकते, घरभाड्याचा वर्षातून एकदा. महागाईचं मत तिच्या मनात भाजी, दूध, तेल यांवरून बनतं. चार-सहा महिने भाजी-डाळ चढी राहिली की धुणंभांड्याची मावशी पगार वाढवून मागते, न्हावी दहा रुपये वाढवतो, खानावळीचं ताट वाढतं. न्हाव्याचे दहा रुपये गाभ्यात मोजले जातात! भाजी उतरली म्हणून न्हावी दर उतरवत नाही. खाण्याची महागाई अशी गाभ्यात झिरपते आणि एकदा झिरपली की राहते.

हे देशानं भोगलंय. 2009 ते 2013 या काळात खाद्यपदार्थ वर्षानुवर्षं चढे राहिले. रिझर्व्ह बँकेची नजर तेव्हा मुख्यतः घाऊक निर्देशांकावर होती. नोव्हेंबर 2013 ला ग्राहक महागाई 11 टक्क्यांच्या वर गेली. लोकांनी ठेवी सोडून सोन्याकडं धाव घेतली, आमच्या संस्थेतही मुदत ठेव मोडायला रांग असायची. त्यानंतर जानेवारी 2014 मध्ये उर्जित पटेल समितीनं एकूण ग्राहक महागाईच लक्ष्य धरा म्हणून शिफारस केली आणि 2016 च्या कायदादुरुस्तीनं ती पक्की झाली.

पण अमेरिकेत तर गाभाच बघतात?

तिथंही लक्ष्य 2 टक्के एकूण महागाईचं आहे, आणि तेसुद्धा सीपीआयचं नाही, वैयक्तिक उपभोग खर्चाच्या निर्देशांकाचं. गाभा ते दिशा ओळखायला वापरतात. शिवाय तिथं घरी शिजवायच्या अन्नाचं सीपीआयमधलं वजन 8 टक्क्यांच्या आसपास. आठ टक्के वगळून मोजणं आणि सेहेचाळीस टक्के वगळून मोजणं यात फरक आहे.

गाभा कधी फसवतो?

2025 च्या शेवटी फसवलं. ऑक्टोबर 2025 ला एकूण महागाई 0.25 आणि गाभा 4 च्या वर. घाबरायचं का? नाही, कारण सोनं. जुन्या टोपलीत सोन्याचं वजन एक टक्क्याच्या थोडंसं वर, आणि सोनं वर्षात निम्म्याहून जास्त चढलेलं. सोनं-चांदी काढली तर गाभा 3 च्या खाली. सराफाच्या दुकानातला भाव जगाच्या बाजारात ठरतो, त्याचा बेळगावच्या मागणीशी संबंध नाममात्र. खाद्यपदार्थ चंचल म्हणून काढले आणि सोनं आत ठेवलं, ही त्या व्याख्येची विसंगती आहे.

उद्यमबागेतल्या माणसानं कुठला आकडा बघायचा?

त्याचा स्वतःचा भाव. एक ओळखीचे फौंड्रीवाले संतापून म्हणाले होते, "सर, कर्ज दहा टक्क्यांनी, आणि माझा माल दहा टक्के उतरला. मला हे कर्ज वीस टक्क्यांना पडलं की वो!" अगदी बरोबर. खरा व्याजदर म्हणजे व्याजातून आपल्या भावाची वाढ वजा करायची, आणि वाढ उणे असेल तर वजाबाकीची बेरीज होते.

देशपातळीवर हाच मुद्दा 2015 च्या सुमारास तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यम यांनी मांडला होता : ग्राहक महागाईनं मोजलं तर खरा व्याजदर बेताचा दिसतो, उत्पादकाच्या भावानं मोजलं तर जड. डिफ्लेटरचं खरं मोल इथं आहे. तो आणि सीपीआय यांच्यात मोठी फट पडली की समजावं, घरं महागाईनं पिळली जातात आणि त्याच वेळी कारखाने व्याजानं पिळले जातात. एकाच रेपो दरानं दोघांचं औषध होत नाही. समितीनं ही फट बघावी, पण लक्ष्य म्हणून नव्हे.

मग शेवटी कुणी कुठलं मोजमाप वापरावं?

व्याजदराचं लक्ष्य एकूण सीपीआयच असावं. ते दरमहा येतं, फारसं दुरुस्त होत नाही आणि लोकांना त्यांच्या पिशवीशी ताडून बघता येतं. ज्या आकड्यात भाकरी नाही तो सामान्य माणूस मानणार नाही, आणि लोक मानत नाहीत ते लक्ष्य काम करत नाही. मात्र आज आलेल्या मथळ्यावर हातोडा मारायचा नाही. व्याजदराचा परिणाम उतरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर टोमॅटोची तीन पिकं येऊन जातात. म्हणून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताना गाभ्याकडं बघायचं, तेही सोनं आणि पेट्रोलचा कर वेगळा काढून. भाजीची उडी गाभ्यात झिरपायला लागली तरच दर चढवायचा.

डिफ्लेटर अर्थखात्याच्या कामाचा. कर जमा होतो तो चालू भावाच्या उत्पन्नावर आणि राज्याची कर्जमर्यादाही चालू भावाच्या राज्य उत्पन्नाच्या टक्केवारीत असते. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चालू भावानं 10.1 टक्के वाढ धरली होती. जुलै ते सप्टेंबर 2025 ला स्थिर भावानं 8.2 टक्के वाढ झाली म्हणून पेढे वाटले गेले, पण चालू भावानं ती 8.7 च होती. डिफ्लेटर अर्धा टक्का. ग्राहकाला बरं, पण ज्यानं दहा टक्के धरून खर्च ठरवलाय त्या तिजोरीला ही तंगी.

माझ्या घराची महागाई मला काढता येईल का?

येईल, वहीच्या एका पानावर. गेल्या वर्षीच्या याच महिन्याचा खर्च गटागटानं लिहा : धान्य-किराणा, भाजी, दूध, गॅस-वीज, भाडं, फी, औषध, प्रवास. प्रत्येक गटासमोर भाव किती टक्के बदलला ते लिहा. खर्च नव्हे, भाव. हीच चूक सगळे करतात. मुलगा अकरावीला गेला म्हणून फी दुप्पट झाली, तर ती महागाई नाही, वेगळी वस्तू आहे. दोन लिटरऐवजी तीन लिटर दूध घेतलं तर तीही नाही. मग गटाचा गेल्या वर्षीचा खर्च गुणिले भावातला बदल, सगळ्यांची बेरीज, आणि भागिले गेल्या वर्षीचा एकूण खर्च.

आमच्या गल्लीतल्या एका आजींनी हे खरोखर केलं. शक्ती योजनेमुळं त्यांचा सरकारी बसचा प्रवास जून 2023 पासून फुकट, गृहज्योतीमुळं विजेचं बिल शून्य. औषधं मात्र चढलेली. त्यांची महागाई सरकारी आकड्याच्या खाली निघाली. शेजारच्या घरात दोन मुलं कॉलेजला, दुचाकी दोन, भाडं वाढलेलं. त्यांची वर निघाली. आजींनी वही मिटली आणि शेजारणीला म्हणाल्या, "म्हणजे आपण दोघी एकाच गल्लीत राहून दोन गावांत राहतो."